उद्या वास्तुशांत, आणि आज रात्री मुलाच्या पोटावर फोड

सोनचाफा | शनिवार, रात्री ९.४०

घाईत लिहितेय, चुका पोटात घाला.

आम्ही फोंड्यात राहतो. आमच्या बिल्डिंगमध्ये बारा वर्षं शेजारी असलेल्या काका-काकींनी डिचोलीजवळ स्वतःचं घर बांधलंय, त्याची उद्या वास्तुशांत. पंधरा दिवसांपूर्वी काकी स्वतः येऊन कुंकू लावून आमंत्रण देऊन गेल्या. आम्ही चौघंही नक्की येतो म्हटलं. बोलता बोलता 'मेहुण म्हणून तुम्हीच दोघं बसा' हेही ठरलं, आणि मी शहाणी वर 'मणगणं मी करून आणते' म्हणून बसले. दुपारच्या पंगतीला घरचे आणि जवळचे मिळून चाळीसेक जण, बाकीचे शंभरभर संध्याकाळी तीर्थप्रसादाला.

धाकटा सहा वर्षांचा. कालपासून त्याची किरकिर होती, मी म्हटलं उन्हाळा बाधला. आज संध्याकाळी आंघोळ घालताना बघते तर पोटावर तीन पाणीदार फोड आणि केसांत एक. खालच्या मजल्यावरच्या डॉक्टरांना दाखवलं. त्यांनी टॉर्च मारून एका मिनिटात सांगितलं, कांजिण्या. सुट्टीतल्या शिबिरात दोन आठवड्यांपूर्वी एका मुलाला आल्या होत्या, तिथूनच आल्या असणार. थोरलीला लसीचे दोन्ही डोस दिलेत, याचे राहून गेले ते राहूनच गेले.

आता काकींना रात्रीच फोन करू की सकाळी? नेमकं कारण सांगू की 'बरं नाही' एवढंच? नवरा म्हणतो, तू त्याच्याजवळ थांब, मी आणि थोरली जाऊन येतो. आणि मणगण्याचं काय? डाळ भिजत घातलीय, नारळ फोडायचे बाकी आहेत. त्यांच्या सुनेला पाचवा महिना आहे, घर आणि नातवंड दोन्ही एका वर्षात, काकी नुसत्या हवेत आहेत. त्यात मी हे कसं घालू?

नाना | रात्री ९.५१

फोन करू नका. शुभकार्याच्या घरी आदल्या रात्री आजाराचं नाव काढू नये, विशेषतः अंगावर फोड येणाऱ्या. सकाळी साडेआठला व्हॉट्सॲपवर दोन ओळी टाका की अचानक अडचण आली, क्षमस्व, दोन दिवसांनी भेटायला येतो. त्या वेळी ते संकल्पाला बसलेले असतील, वाचणार दुपारी. कुणाचा मूड जाणार नाही. मिस्टर आणि मुलगी गेलीच पाहिजेत, घरातून कुणीच गेलं नाही तर ते दिसतं.

पात्रांव | रात्री ९.५५

नाना, मेहुणाचं पान मांडलंय, मणगण्याची वाटी मोकळी, आणि मेसेज दुपारी वाचायचा? काकी आरतीच्या वेळेपर्यंत फाटकाकडे बघत राहणार.

विहीरकर | रात्री १०.०२

माझ्या मते वास्तुशांत पुढे ढकलायला हरकत नाही. आमच्याकडे सुतक आलं तेव्हा भटजींनी पुढचा मुहूर्त काढून दिला होता. घरात आजारी माणूस असताना होम करणं धुरामुळेही बरं नव्हे. आचाऱ्याला आगाऊ दिलेले पैसे मात्र त्याने परत केले नाहीत.

सोनचाफा | रात्री १०.०४

विहीरकर, वास्तुशांत आमची नाही हो, आम्ही पाहुणे आहोत.

विहीरकर | रात्री १०.०६

अस्सं. मग सोपं आहे. जाऊ नका.

रांदपी | रात्री १०.०९

मी वीस वर्षं पंगतींचं रांधतो आहे, तेव्हा जेवणापुरतं सांगतो. चाळीसात चार पानं कमी झाली तर यजमानाला काहीही फरक पडत नाही. पानांचा आकडा आम्ही दोन-तीन दिवस आधी घेतो, भाजी-नारळ आलेले असतात, खतखत्याच्या भाज्या आत्ता चिरून होत असतील. आकड्यासाठी रात्री फोन करायची गरज नाही, आणि बिलही कमी होणार नाही.

मेहुणाची गोष्ट वेगळी. ते जोडपं हेरून बसवायचं असतं, सकाळी साडेदहाला ओवाळायच्या वेळी शोधाशोध झाली तर घरची बाई कावरीबावरी होते. आज रात्री कळलं तर पाहुण्यांतलं दुसरं जोडपं दोन मिनिटांत ठरतं.

तिसरं मणगणं. तुम्ही गोड आणणार म्हटल्यावर त्यांच्या रांदप्याने दुसरं गोड धरलेलंच नसणार. उद्या अकरा वाजता कळलं तर चाळीस माणसांना तो काय देईल? केळं आणि साखर. आज कळलं तर त्याच्याकडे खोबरं, गूळ, डाळ सगळं आहे.

अबोली | रात्री १०.१२

सोनचाफा, बाकी सगळं बाजूला ठेवून एक सांगा. धाकटा त्या घरी किंवा त्या सुनेच्या जवळ शेवटचा कधी गेला होता?

जुनाजाणता | रात्री १०.१५

घरात देवी आल्यावर त्या घरातल्या माणसाने शुभकार्याला जायचं नाही, कुणाच्या घरचं अन्न आणायचं नाही, आपलं द्यायचं नाही, हे आमच्या आजीपासून चालत आलंय. दाराला कडुनिंबाचा टाळा लावायचा म्हणजे येणाऱ्यालाही कळतं. तेव्हा यात विचारण्यासारखं काही नाहीच. काकींना 'देवी आल्यात' एवढंच सांगा, जुन्या माणसांना पुढचं कळतं.

सोनचाफा | रात्री १०.१६

अबोलीताई, काल. म्हणजे शुक्रवारी संध्याकाळी. सामान लावायला मदत म्हणून आम्ही दोघं गेलो होतो, तीन-साडेतीन तास होतो. सूनबाई त्याला मांडीवर घेऊन मोबाईलवर कार्टून दाखवत होती, कारण तो किरकिर करत होता. पण तेव्हा अंगावर एकही फोड नव्हता, मी शपथेवर सांगते. का?

अबोली | रात्री १०.२४

कारण कांजिण्या फोड दिसायच्या एक-दोन दिवस आधीपासूनच पसरतात. कालची ती मांडी त्यात मोजायची. तुमचा काहीही दोष नाही, ते आईला काय डॉक्टरलाही कळलं नसतं. पण म्हणूनच 'बरं नाही' एवढं सांगून चालणार नाही, आणि उद्या दुपारी वाचायचा मेसेज तर नाहीच.

मी बावीस वर्षं नर्स होते, त्यातली बरीच बाळंतपणाच्या वॉर्डात. गरोदर बाईला लहानपणी कांजिण्या येऊन गेल्या असतील किंवा लस झाली असेल तर सहसा काळजीचं कारण नसतं. नसतील तर गोष्ट बदलते. मोठेपणी आणि त्यात गरोदरपणी हा आजार जड जातो, न्यूमोनिया होऊ शकतो, आणि पाच महिन्यांपर्यंतच्या काळात बाळाला इजा व्हायची थोडी का होईना शक्यता असते. शक्यता कमी आहे, घाबरवायचं नाही. पण यावर करता येण्यासारखं काही आहे आणि त्याला मुदत आहे. रक्त तपासून तिच्या अंगात प्रतिकारशक्ती आहे का ते कळतं. नसेल तर तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शन देतात, ते संपर्कापासून चार दिवसांच्या आत दिलेलं उत्तम, दहा दिवसांपर्यंत देतात. ते कोपऱ्यावरच्या फार्मसीत मिळत नाही, मागवावं लागतं. कालचा शुक्रवार धरला तर मंगळवारपर्यंतचेच दिवस, त्यात एक रविवार.

हे तिच्या डॉक्टरने ठरवायचं, तुम्ही-मी नाही. तुमचं काम एवढंच की आज रात्री त्यांना तीन गोष्टी कळाव्यात: आजाराचं नाव, शुक्रवारी किती वेळ आणि किती जवळ होता, आणि फोड कधी दिसले. तुम्ही हे विचारताना आमंत्रणाचं धरून बसलात, पण उद्याचं जेवण यात सगळ्यात लहान गोष्ट आहे.

जुनाजाणता, एक दुरुस्ती. देवी आणि कांजिण्या हे दोन वेगळे आजार. देवीचा भारतातला शेवटचा रोगी १९७५ सालचा, आणि १९८० साली तो आजार जगातूनच गेल्याचं जाहीर झालं. काकींना 'देवी आल्यात' असं सांगितलं तर सून डॉक्टरला काय सांगेल? नाव नेमकं हवं. बाकी घरातच राहायची तुमच्या आजीची रीत मात्र शंभर टक्के बरोबर होती.

जुनाजाणता | रात्री १०.२९

आमच्याकडे दोन्हींना देवीच म्हणतात. असो. रीत बरोबर आहे म्हणालात ते पुरे.

सोनचाफा | रात्री १०.३०

हातपाय गार पडले माझे. लगेच करते फोन. पण कुणाला करू? काकी आत्ता पन्नास माणसांच्या घोळक्यात असतील, त्या ऐकल्यावर तिथेच बसतील. आणि बोलू काय?

मडगावची मावशी | रात्री १०.३३

काकींना नको, मुलाला कर. बायको त्याची, डॉक्टरचा नंबर त्याच्या मोबाईलमध्ये. आधी विचार, बाजूला येऊन बोलता येईल का. मग सरळ सांग:

"अरे, धाकट्याला आज संध्याकाळी कांजिण्या निघाल्या. काल तो तीन तास तुमच्याकडे होता आणि वहिनीच्या मांडीवर बसला होता. फोड यायच्या आधीपासून हे पसरतं असं कळलं म्हणून रात्री फोन केला. वहिनीला पूर्वी आल्या होत्या का ते विचार आणि तिच्या डॉक्टरांना आजच सांग. आम्ही उद्या कुणी येत नाही. मेहुणाला दुसरं जोडपं बघा, मणगण्याचं रांदप्याला सांगा."

एवढंच. माफी एकदाच माग. दहादा मागितलीस तर तो तुझीच समजूत काढत बसेल, आणि त्याला तेवढा वेळ नाही.

नाना | रात्री १०.३६

सून गरोदर आहे हे मी नीट वाचलं नव्हतं. माझा सल्ला मागे घेतो. तरी काकींना डावलून मुलाला सांगणं मला पटत नाही. आमंत्रण कुणी दिलं? काकींनी. त्यांना दुसऱ्याच्या तोंडून कळलं तर जन्मभर लक्षात ठेवतील.

अबोली | रात्री १०.३८

दोन फोन करा. आधी मुलगा, मग तो म्हणेल तेव्हा काकी. पण याच क्रमाने.

सोनचाफा | रात्री ११.१५

झाला फोन. पहिल्यांदा उचलला नाही, दुसऱ्यांदा मागे टाळ-मृदंग, भजन चाललं होतं. मावशींचं वाक्य समोर धरून वाचलं म्हटलं तरी चालेल. तो एकदम गप्प झाला. मग म्हणाला, 'बरं केलंत सांगितलंत, वहिनी.' सुनेला आठवत नाही. तिची आई बेळगावला, तिला फोन लावला तर ती म्हणते 'आल्या होत्या बहुतेक, की त्या धाकटीला?' डॉक्टरीणबाईंना मेसेज टाकलाय.

काकींना आत्ता सांगू नका, सकाळी पूजेआधी मीच सांगतो, असं तो म्हणाला. म्हणून काकींना फोन केलेला नाही. नाना म्हणाले ते डोक्यात घोळतंय.

आता नवऱ्याचं. तो अजूनही म्हणतो, मी आंघोळ करून, कपडे बदलून तासभर जाऊन येतो, निदान दारात आहेर तरी देतो. त्याला कांजिण्या आल्या होत्या का? सासूबाई म्हणतात आल्या होत्या. मला मात्र लहानपणी नक्की आल्यात, कपाळावर व्रण आहे.

अबोली | रात्री ११.२६

खरं सांगायचं तर उद्या ते गेले तरी त्यांच्यापासून कुणाला काही होणार नाही. लेकाकडून परवा-काल लागण झाली असेलच तरी स्वतःला फोड यायला दहा ते एकवीस दिवस जातात, आणि दुसऱ्याला देण्याचे दिवस आठव्या दिवसाच्या आसपास सुरू होतात. कपड्यांवरून हा आजार जातो म्हणावा तर तसा नाही. तो हवेतून आणि फोडांतल्या पाण्यातून पसरतो, त्यामुळे स्वच्छ आंघोळ केलेला माणूस उद्यापुरता निर्धोक. थोरलीचे दोन डोस झालेत, तिचंही तेच.

तरी मी पाठवणार नाही. लोक हिशेब मांडत नाहीत. 'त्यांच्या घरात कांजिण्या आणि हा पंगतीत बसला' एवढंच बोलतात, आणि त्या सुनेला प्रत्येक शिंकेला धडकी भरेल. आणि सासूबाईंच्या आठवणीवर फार भिस्त ठेवू नका. त्या पिढीला गोवर, कांजिण्या, घामोळं सगळं एकाच पोत्यात टाकायची सवय आहे. पुढच्या शुक्रवारपासून पुढे दोनेक आठवडे मिस्टरांनी त्या घरापासून लांबच राहावं.

पात्रांव | रात्री ११.३१

ताई, मला नाही पटलं. धोका नाही असं तुम्हीच म्हणता आणि जाऊ नको असंही तुम्हीच म्हणता. मुलाला सगळं माहीत आहे, त्यालाच विचारावं. तो ये म्हणाला तर जावं.

मडगावची मावशी | रात्री ११.३५

विचारलं की तो 'या' म्हणणारच, दारातल्या पाहुण्याला 'नको' कोण म्हणतं आपल्याकडे? असा प्रश्न विचारणं म्हणजे त्याच्या गळ्यात धोंडा बांधणं.

रांदपी | रात्री ११.३८

मणगण्याचं उरलं. तुम्ही रांधलेलं पाठवू नका. त्यातून आजार जातो म्हणून नाही, पण एकाने 'हे कुठून आलं' विचारलं की पातेलं तसंच परत जातं. शिवाय मे महिन्यात नारळाचा रस घालून सकाळी सहाला केलेलं मणगणं फोंड्याहून डिचोलीला गाडीतून नेऊन एक वाजता वाढायचं म्हणजे अर्ध्या वेळा ते आंबूस होतंच.

त्यांच्या रांदप्याला प्रमाण कळवा. चाळीस लहान वाट्यांना हरभऱ्याची डाळ अर्धा किलो, साबुदाणा दीडशे ग्रॅम, गूळ पाऊण किलो, नारळ पाच, वर काजू आणि वेलची. डाळ रात्रीच भिजत घाल म्हणावं. ती बोटाने दाबली की फुटावी पण मेण होऊ नये, आणि गूळ डाळ शिजल्यावरच, आधी पडला तर ती मग शिजत नाही. पातळ रसात शिजवायचं. दाट रस सगळ्यात शेवटी, आच मंद करून, आणि एक कढ यायच्या आत उतरवायचं. खळखळ उकळलं की रस फाटतो, वर तेल सुटतं आणि खाली पाणी. मग तो म्हणेल नारळच वाईट होते.

सोनचाफा | रात्री ११.४४

पाठवलं जसंच्या तसं त्या मुलाला. रांदपीदादा, देव बरें करूं.

कोंब | रविवार, सकाळी ७.१०

रात्रीचा धागा आत्ता वाचला. माझं जरा वेगळं आहे, पण मेळ बसतो. गेल्या महिन्यात नवऱ्याच्या साहेबांकडे रात्री जेवायला बोलावलं होतं, फक्त आम्ही दोघं. दुपारपासून मला उलट्या-जुलाब. चार वाजता नवऱ्याने मेसेज केला, 'हिला थोडं बरं नाही, पण बघतो, जमलं तर येतो.' आम्ही गेलो नाही. तेव्हापासून बाईसाहेब माझ्याशी नीट बोलत नाहीत. यात माझं काय चुकलं? मी खरंच आजारी होते.

मडगावची मावशी | सकाळी ७.३८

मी बोलावणाऱ्या बाजूने सांगते, कारण माझ्याकडे असं दोनदा झालंय. आजारी पडण्याचा राग कुणालाच येत नाही. राग येतो तो 'बघतो, जमलं तर' याचा.

सहा जणांच्या जेवणाला मी सकाळी बाजारातून इसवण आणते. अकरापर्यंत नाही म्हणून कळलं तर तो कापून फ्रीजरमध्ये जातो, गोष्ट संपली. चारपर्यंत कळलं तर मीठ-हळद लागलेली असते, पण शेजारी कुणाला तरी बोलावता येतं. 'जमलं तर' म्हणालात की मला यातलं काहीच करता येत नाही. मसाला लावून, तवा काढून, साडेआठ, नऊ, साडेनऊ करत बसायचं, आणि नवरा भुकेने चिडलेला. शेवटी दोघांनी सहा जणांचा इसवण खायचा. चार वाजता तुला नक्की माहीत होतं की तू जात नाहीस. मग तसंच लिहायचं.

कोंब | सकाळी ७.४५

नवऱ्याला वाटलं सरळ नाही म्हणणं उर्मटपणा होईल.

अबोली | सकाळी ८.०५

आणि उलट्या-जुलाबात 'जमलं तर' असं काही नसतंच. थांबल्यानंतरही दोन दिवस दुसऱ्याच्या घरी जेवायला जायचं नाही, दुसऱ्यांसाठी रांधायचं तर मुळीच नाही. संध्याकाळी बरं वाटलं म्हणून गेला असतात तर साहेबांचं घर सोमवारी आडवं झालं असतं.

नाना | सकाळी ८.२०

पण कोंबताई, लोक विश्वास ठेवत नाहीत याला कारण आहे. आमच्या एका मित्राने 'पोट बिघडलंय' म्हणून बारशाला दांडी मारली, आणि त्याच संध्याकाळी मिरामारला भेळ खातानाचा फोटो त्याच्या मेव्हणीने टाकला. तेव्हापासून आमच्या गटात पोट बिघडलं की सगळे हसतात. आता ज्याचं खरंच बिघडतं त्याची पंचाईत.

सोनचाफा | रविवार, रात्री ९.१५

दिवसभर वेळ नव्हता, धाकट्याच्या अंगावर आता मोजता येणार नाहीत इतके आहेत. खाजेने रात्र काढली.

तिकडचं: वास्तुशांत झाली. मेहुणाला काकांचा पुतण्या आणि त्याची बायको बसली. मणगणं केलं, फाटलं नाही असा खास निरोप आला. डॉक्टरीणबाईंनी रविवार असूनही सुनेला बोलावून रक्त घेतलं, रिपोर्ट मंगळवारी.

काकींचा फोन दुपारी चारला आला. नाना, तुम्ही बरोबर होता. 'आलं नाहीस ते चांगलंच केलंस, पण मला का नाही सांगितलंस? मी काय लहान आहे?' मी म्हटलं, काकी, तुम्ही रात्रभर झोपला नसता. तर म्हणाल्या, 'तशी तरी कुठे झोपले?' मग फोन ठेवला. रागावल्यात की नाही ते अजून कळत नाही.

अबोली | रात्री ९.३०

रागावू देत. क्रम बरोबर होता.

नाना | रात्री ९.३४

क्रम बरोबर असेल, पण दुसरा फोन रात्रीच व्हायला हवा होता, मुलगा काहीही म्हणो.

सोनचाफा | मंगळवार, संध्याकाळी ६.५०

रिपोर्ट आला. सुनेच्या अंगात प्रतिकारशक्ती आहे, म्हणजे आल्या होत्या त्या तिलाच, धाकटीला नव्हे. इंजेक्शनची गरज नाही. मी देवापुढे दिवा लावला आणि पाच मिनिटं नुसती बसून राहिले.

काकींनी आज मुलाबरोबर प्रसादाचा डबा पाठवला. त्याने बेल वाजवून तो दारात ठेवला आणि जिन्यातूनच हाक मारली. डब्याखाली चिठ्ठी: 'फोड सुकले की तिसऱ्या रविवारी सगळ्यांनी जेवायला यायचं. रविवार असला तरी शिवराक.' म्हणजे राग गेला असावा.

आम्ही त्या घरी कधी जाऊ शकतो, अबोलीताई?

अबोली | संध्याकाळी ७.२०

धाकट्याच्या शेवटच्या फोडावर खपली धरली आणि नवीन येणं थांबलं की तो मोकळा, बहुधा फोड आल्यापासून आठवड्याच्या आत-बाहेर. सुनेची आता काळजी नाही, पण तिसऱ्या रविवारी पंगतीत आणखी कोण असेल ते विचारून घ्या. मिस्टरांची तारीख मात्र लक्षात आहे ना?

रांदपी | संध्याकाळी ७.४१

तुमच्या भिजवलेल्या डाळीचं काय केलंत?

सोनचाफा | संध्याकाळी ७.४४

रविवारी आमटी, सोमवारी वडे, आज पुन्हा आमटी. नवरा विचारतोय अजून किती आहे.

सोनचाफा | दोन आठवड्यांनंतर, शनिवार, रात्री ८.०५

धागा वर काढते, कारण लिहिल्याशिवाय राहवत नाही. उद्या तो तिसरा रविवार. काल नवऱ्याला कणकण आली. आज दुपारी दाढी करताना म्हणतो, मानेवर काहीतरी चावलंय बघ. पाहिलं तर चावलेलं नव्हतं, आणि पाठीवर असे आणखी नऊ होते. सासूबाई आता म्हणतात, 'म्हणजे तेव्हाचा तो गोवर असणार.'

या वेळी फोन थेट काकींना केला, फोड दिसल्यापासून दहा मिनिटांत, आणि सगळं नावानिशी सांगितलं. हा दहा-बारा दिवस त्यांच्याकडे फिरकलेला नाही हेही सांगितलं. काकी बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग हसायला लागल्या, आणि म्हणाल्या, 'आतां घर जुनें जातकच येयात.'

पात्रांव | रात्री ८.११

मणगणं या खेपेला कोण करणार होतं?

सोनचाफा | रात्री ८.१३

मीच. डाळ भिजत घातलीय.